साठीनंतरची झोप : किती, कशी आणि काळजी केव्हा करावी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त ज्येष्ठ नागरिकांसाठी झालेल्या आरोग्य व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला वृद्धांच्या आरोग्यावर बोला असे सांगितले. विषय फार मोठा आहे. बीपी, साखर, गुडघे, डोळे हे सगळे एका तासात सांगायला गेलो तर आपल्या हाती काहीच लागणार नाही. म्हणून मी एकच विषय घेतला आहे, तो म्हणजे झोप. नांदेडला काय आणि लातूरला काय, साठीच्या पुढचा माणूस दवाखान्यात कोणत्याही कारणाने आला तरी उठता उठता एक वाक्य हमखास बोलतो, "डॉक्टरसाहेब, ते सगळं ठीक आहे, पण रात्री झोपच लागंनागेली बघा." आणि पाठोपाठ दुसरे वाक्य येते, "एखादी झोपेची गोळी द्या."

गोळीचे नंतर बघू. आधी हे ठरवले पाहिजे की झोप खरोखर बिघडली आहे, की वयाप्रमाणे जशी व्हायची तशीच झाली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या घरच्या घरी ओळखता येतात. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

झोप पातळ का होते?

झोप म्हणजे दिवा मालवल्यासारखी एकसारखी अवस्था आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही. डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी कागदावर उतरवता येतात. त्या पाहिल्या की झोपेचे थर दिसतात. आधी हलकी झोप येते, मग गाढ झोप, मग स्वप्नाची झोप. अशी एक फेरी साधारण दीड तासाची असते आणि रात्रीत चार-पाच फेऱ्या होतात. गाढ झोप मुख्यतः पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात असते. या झोपेत मेंदूच्या लहरी संथ आणि उंच असतात, आणि माणसाला हलवून उठवावे लागते. लहान लेकरू जत्रेत ढोल वाजत असताना खांद्यावर झोपलेले असते, ती ही गाढ झोप.

वय वाढते तशा या उंच लहरी बुटक्या होत जातात आणि गाढ झोपेचा वाटा कमी होतो. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे साठीला सुरू होत नाही. तारुण्य सरता सरताच सुरू होते आणि तिशी ते साठी या काळात बरेचसे होऊन जाते. पंचविशीत आपण शेतातून किंवा कामावरून आलो की आडवे पडताच घोरायला लागत होतो. पन्नाशीत तसे राहिले नव्हते. पण तेव्हा पोराबाळांच्या आणि नोकरीच्या धबडग्यात आपले तिकडे लक्षच गेले नाही. निवृत्तीनंतर वेळ मिळाला आणि लक्ष गेले. पुरुषांमध्ये गाढ झोप बायांपेक्षा जास्त घटते. तरीही झोपेची तक्रार बाया जास्त करतात. त्यात पाळी जातानाचे बदल, सांधेदुखी आणि घरच्या काळज्या यांचा भाग मोठा असतो.

दुसरे कारण मेंदूच्या आत खोलवर आहे. तिथे काही पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. त्याचे काम जागेपणाची यंत्रणा बंद ठेवणे, म्हणजे झोपेचे बटण दाबून धरणे. म्हातारपणी या पेशींची संख्या कमी होते. बटण दाबायचे बोट थोडे अशक्त झाले असे समजा. झोप लागते, पण दाबून धरलेले बटण मधून मधून सुटते. शेजारी भांडे पडले, कुत्रे भुंकले, नातू रडला, लघवीची थोडी जाणीव झाली, एवढ्याने जाग येते. तरुणपणी हेच आवाज होत होते, पण ते आपल्यापर्यंत पोहोचत नव्हते.

तिसरे कारण शरीराच्या घड्याळाचे. हे घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला असते आणि डोळ्यांत जाणाऱ्या उजेडावर ते रोज लावले जाते. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते हे शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हातारपणी हे घड्याळ पुढे सरकते. म्हणजे काय, तर संध्याकाळी साडेसात-आठलाच पेंग येते आणि पहाटे तीन-चारला टक्क जाग येते. शिवाय वयाप्रमाणे डोळ्याचे भिंग पिवळट होते, मोतीबिंदू येतो, आणि घड्याळापर्यंत उजेड कमी पोहोचतो. त्यात म्हातारा माणूस दिवसभर घरातच बसून असला तर घड्याळाला दिवस कोणता आणि रात्र कोणती हे नीट कळत नाही.

आपल्या घरातल्या आजीबाई आठवा. पहाटे तीन-चारला उठून जात्यावर दळण दळायच्या. त्या वेळी कोणी म्हटले नाही की आजीला झोपेचा आजार झाला. पहाटेची जाग कामाला लागत होती. आता दळण गिरणीत होते, नळ सकाळी उशिरा येतो, सून सहाला उठते, आणि चारला जागे झालेले माणूस अंधारात छताकडे बघत पडून राहते. जाग तीच आहे, पण आता तिला काम उरलेले नाही, म्हणून ती खुपते.

मग सामान्य काय समजावे?

साठीच्या पुढच्या निरोगी माणसाने चोवीस तासांत सात ते आठ तास झोपावे असा तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे. पण सगळ्यांचे माप एक नसते. काहींना सहा तासांतही भागते आणि दिवसा ते ताजेतवाने असतात. अशा माणसाने आठ तासांचा हट्ट धरू नये. अंथरुणावर पडल्यावर झोप लागायला वीस-तीस मिनिटे लागणे हे सामान्य. रात्री एक-दोन वेळा जाग येणे आणि थोड्या वेळाने पुन्हा डोळा लागणे हे सामान्य. एकदा लघवीला उठणे सामान्य. पहाटे चार-पाचला जाग येणे, विशेषतः नऊला झोपणाऱ्याला, हेही सामान्य.

खरी परीक्षा रात्री होत नाही, ती दिवसा होते. सकाळी दहा-अकरा वाजता तुम्ही कसे आहात? बाजारहाट करता येते का, वर्तमानपत्र वाचताना मान खाली पडते का, चिडचिड होते का, कोणी काल सांगितलेले आज आठवते का? दिवस चांगला जात असेल तर रात्र कितीही तुकड्या-तुकड्यांची वाटली तरी ती पुरेशी आहे. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही, तीन महिन्यांहून अधिक काळ असेच चालले आहे, आणि दिवसही खराब जातो, एवढ्या तिन्ही गोष्टी असतील तर मात्र तो निद्रानाश, आणि त्याला उपचार लागतात.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. २००४ साली जगभरातल्या ६५ अभ्यासांतील साडेतीन हजारांहून अधिक निरोगी लोकांच्या झोपेची मोजणी एकत्र मांडली गेली. त्यात पाच वर्षांच्या मुलांपासून शंभरी ओलांडलेल्या वृद्धांपर्यंत सगळे होते. त्यात दिसले की मोठेपणी दर दहा वर्षांनी रात्रीची झोप सुमारे दहा मिनिटांनी कमी होते आणि मधल्या जागेपणाची मिनिटे साधारण तितकीच वाढतात. म्हणजे वयाची चोरी फार हळू आहे. आणि साठीनंतर, प्रकृती निरोगी असेल तर, झोपेत आणखी बदल फारच थोडा होतो.

याचा अर्थ आपण नीट समजून घेऊ. एखादे आजोबा सत्तर वर्षांचे आहेत, मागच्या दिवाळीपर्यंत बरे झोपत होते आणि आता दोन महिन्यांपासून झोप साफ उडाली आहे. लोक म्हणतात, "वय झालं, आता असंच राहणार." हे चूक आहे. वय दोन महिन्यांत येत नाही. वय झोप हळूहळू पातळ करते, अचानक बिघडवत नाही. अचानक बिघडली तर मागे दुसरे काहीतरी कारण असते आणि ते शोधले पाहिजे.

एक उदाहरण हिशोबासकट

आता एका आजोबांचे उदाहरण घेऊ. दोन-तीन माणसांच्या हकिकती मी एकत्र केल्या आहेत, नाव कोणाचेच नाही. आजोबा नांदेडचे, वय ६८, गिरणीतून निवृत्त झालेले, लेकाकडे राहतात. तक्रार अशी की, "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही." मी त्यांच्या नातवाला वहीत सात दिवस चार गोष्टी लिहायला सांगितल्या. अंथरुणावर केव्हा पडले, अंदाजे झोप केव्हा लागली, केव्हा केव्हा जाग आली, आणि केव्हा उठले. दुपारचेही लिहायचे.

वहीत निघाले ते असे. जेवण साडेसातला. घरात मुले टीव्ही लावतात म्हणून आजोबा साडेआठला आतल्या खोलीत जाऊन पडतात. नऊला झोप लागते. साडेअकराला लघवीला उठतात, पावणेबाराला पुन्हा झोप. दोनला जाग. दोन ते चार पडल्या पडल्या कूस बदलतात, विचार करतात, मोबाईलमध्ये वेळ बघतात. चार ते पाच पुन्हा डुलकी. साडेपाचला उठतात. दुपारी जेवून एक ते तीन आडवे, त्यात सव्वा तास झोप.

आता हिशोब करा. रात्री अडीच तास, अधिक सव्वादोन तास, अधिक एक तास, म्हणजे पावणेसहा तास. दुपारचा सव्वा तास धरला की सात तास. म्हणजे आजोबांची झोप चोवीस तासांत सात तास भरते! पण ते अंथरुणावर किती वेळ आहेत? रात्री नऊ तास आणि दुपारी दोन तास, असे अकरा तास. सात तासांची झोप अकरा तासांच्या अंथरुणावर पसरली तर मध्ये भोके पडणारच. लहान सतरंजी मोठ्या खोलीत अंथरली तर कुठेतरी जमीन उघडी राहतेच, तसे हे आहे. आजोबांची झोप कमी नाही, त्यांचे पडून राहणे जास्त आहे. आणि रोज दोन-दोन तास जागे पडून राहिले की मेंदूलाही सवय होते की अंथरूण म्हणजे जागायची आणि काळजी करायची जागा.

मग केले काय? झोपायची वेळ पुढे ढकलली. रात्री साडेदहाच्या आधी पाठ टेकायची नाही. सकाळी पाचला उठायचे, रात्र कशीही गेली असली तरी. म्हणजे अंथरूण साडेसहा तासांचे. दुपारी तीनच्या आत फक्त अर्धा तास झोप, घड्याळाचा गजर लावून. रात्री जाग आली आणि पाव-अर्धा तासात झोप लागली नाही असे वाटले तर उठून खुर्चीवर बसायचे, मंद दिव्यात काहीतरी शांत करायचे, डोळे जड झाले की मगच परत. घड्याळ आणि मोबाईल उशापासून दूर.

पहिला आठवडा अवघड गेला. संध्याकाळी आठला पेंग यायची. म्हणून लेकाला सांगितले की त्या वेळी त्यांना घेऊन बाहेर बसा, गल्लीत दोन फेऱ्या मारा. पहिल्या दिवसांत जास्तच थकवा येतो हे आधी सांगावे लागते, नाहीतर माणूस चौथ्या दिवशी सोडून देतो. तिसऱ्या आठवड्याला वहीत असे आले : पावणेअकराला झोप, मध्ये एकदाच जाग, पावणेपाचला उठणे. रात्रीची झोप पावणेसहा तास, म्हणजे मिनिटांचा आकडा तोच. पण आता ती जवळजवळ एका तुकड्यात, आणि तक्रार बंद. पुढे दिवसा झोप कमी पडते असे वाटले तर अंथरुणाचा वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचा.

यात दोन सावधगिऱ्या. अंथरुणाचा वेळ साडेपाच-सहा तासांच्या खाली कधी न्यायचा नाही. आणि ज्यांना फिट येतात, मनाचा मोठा आजार आहे, किंवा जे गाडी-ट्रॅक्टर चालवतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्यांना आठलाच झोप येते आणि तीनला जाग येते, त्यांनी पहाटेच्या उजेडापेक्षा संध्याकाळचा उजेड घ्यावा. पहाटे लवकर भरपूर उजेड घेतला की घड्याळ आणखी पुढे पळते. संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान, ऊन उतरल्यावर, गोदावरीच्या घाटावर नाहीतर विहाराच्या अंगणात बसले की ते थोडे मागे येते. तीनला उठून घरातले सगळे मोठे दिवे लावू नयेत, हेही त्यासाठीच.

लघवी, चहा आणि पाय

रात्री जाग येण्याचे सर्वात मोठे कारण लघवी. तरुणपणी रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक द्रव्य सोडते. वयाप्रमाणे ते कमी होते, म्हणून एकदा उठणे वयाचे समजावे. दोनपेक्षा जास्त वेळा उठावे लागत असेल तर तपासून घ्यावे. साखर, प्रोस्टेट, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, हृदय, यापैकी काही असू शकते. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. ती गोळी संध्याकाळी घेत असाल तर सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. एवढ्या एका बदलाने पुष्कळांची रात्र सुधारते. दिवसभर पाय लोंबकळत बसून पायांना सूज येत असेल, तर ते पाणी रात्री आडवे झाल्यावर परत रक्तात येते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून संध्याकाळी तासभर पाय उशीवर उंच ठेवून बसावे. पण सूज रोजची असेल तर आधी दाखवून घ्यावी.

चहाबद्दल आपल्याकडे कोणी ऐकत नाही, तरी सांगतो. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याने पेंग येते. चहा-कॉफी त्या द्रव्याची वाट अडवते. चहाचा निम्मा अंश शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहाचा निम्मा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. शेवटचा कप दुपारी तीनला घ्यावा. दारूबद्दलही लोक म्हणतात, थोडी घेतली की झोप येते. झोप लवकर येते हे खरे, पण मध्यरात्रीनंतर तीच झोप मोडते आणि घोरणे वाढते.

किल्लारीची वेळ

आता आपल्या भागापुरता एक वेगळा मुद्दा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे दमून झोपली होती, आणि दगड-मातीची घरे अंगावर आली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसे झोपेतच गेली. जी वाचली ती पुढे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेली ती माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी सांगते, "साहेब, त्याच वेळेला जाग येते बघा."

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. म्हातारपणाचे घड्याळ कोणालाही पहाटे तीन-चारला जागे करते, ज्याने भूकंप पाहिला नाही त्यालाही. म्हणून वेळ जुळली म्हणजे भूकंपामुळेच जाग आली असे नाही. ओळखायचे कसे? जाग कशी येते ते बघा. हळूच डोळे उघडले, शांत आहात, फक्त झोप नाही, तर ते वय. दचकून उठलात, छाती धडधडते, घाम फुटला, घर हलल्यासारखे वाटले, गाडलेली माणसे डोळ्यांसमोर आली, छताखाली झोपायलाच भीती वाटते, तर ती जुनी भीती आहे आणि तो मनाचा जखमेचा भाग आहे. तीसहून अधिक वर्षांनीही ती राहू शकते. तरुणपणी गाढ झोपेने आणि कामाने ती झाकली गेली होती, आता पातळ झोपेतून ती वर येऊ शकते. अलीकडे हिंगोली-नांदेड भागात २०२४ साली मार्च आणि जुलैमध्ये धक्के बसले, तशा वेळी ती पुन्हा जागी होते.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि याला उपचार आहेत, ते बोलण्याचेही आहेत आणि औषधाचेही. नांदेड आणि लातूर दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नावाचा मोफत फोन नंबर २०२२ पासून आहे, त्यावर मराठीत बोलता येते.

गोळीचे काय?

आता गोळी. मेडिकलवरून कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर आणलेली झोपेची गोळी पुष्कळ घरांत उशाखाली असते. अल्प्राझोलाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्यांनी झोप येते, पण ती गाढ झोप परत आणत नाही, उलट आणखी कमी करते. म्हाताऱ्या शरीरातून ती लवकर बाहेर पडत नाही. रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. दिवसा विसर वाढतो. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्याही म्हाताऱ्यांनी झोपेसाठी घेऊ नयेत. मात्र, जे वर्षानुवर्षे घेत आहेत त्यांनी आजचे भाषण ऐकून गोळी एकदम बंद करू नये. एकदम बंद केली तर झोप जास्तच उडते, थरथर होते, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करावी.

वयावर ढकलू नये अशा गोष्टी

शेवटी घरच्या मंडळींसाठी, म्हणजे लेक-सुनांसाठी. कारण यातल्या काही गोष्टी झोपलेल्या माणसाला स्वतःला कळतच नाहीत. पुढीलपैकी काही दिसले तर वय म्हणून सोडून देऊ नका.

मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, मग एकदम गुदमरून श्वास घेणे, आणि दिवसा बसल्या जागी झोप लागणे. हा श्वास अडण्याचा आजार आहे. त्याने बीपी वाढते, आणि त्यावर झोपेची गोळी दिली तर ती धोक्याची.

संध्याकाळ झाली की पायांत किडे फिरल्यासारखे होणे, पाय हलवल्याशिवाय चैन न पडणे. पुष्कळदा अंगात लोह कमी असते, रक्त तपासून इलाज होतो.

झोपेत स्वप्नाबरोबर हातवारे करणे, लाथा मारणे, ओरडणे, पलंगावरून पडणे. हे नव्याने सुरू झाले असेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण काही वेळा कंपवातासारख्या आजाराच्या कित्येक वर्षे आधी हे दिसते.

उताणे झोपले की दम लागणे, दोन उशा घ्याव्या लागणे. हे हृदयाचे असू शकते.

आणि पहाटे जाग आल्यावर मन अगदी उदास असणे, कशातच गोडी न वाटणे, जेवण कमी होणे, आणि असे दोन आठवड्यांहून अधिक चालणे. जोडीदार गेल्यानंतर असे फार होते. त्यालाही उपचार आहेत.

आजोबांच्या वहीसारखी वही आजच करा. सात दिवस लिहा. चोवीस तासांची झोप किती आणि अंथरुणावरचा वेळ किती, याची बेरीज नातवंडांकडून करून घ्या. दोन आकड्यांत दोन तासांहून अधिक फरक असेल तर अंथरूण आवरते घ्या. फरक कमी असून दिवस चांगला जात असेल तर झोप ठीक आहे असे समजा. आणि काही महिन्यांतच सगळे बदलले असेल तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दहा मिनिटे तक्रार सांगण्यापेक्षा ती वही डॉक्टरांना जास्त सांगते.

 प्रश्न असतील तर खाली बसून बोलू.